फोटोतल्या साडीसारखी साडी हवी आहे: सोनेरी काठावर हिरवे पक्षी, पदरावर गोलात मोर (बजेट साडेचार हजार)

सायली_बंगळूर
मंडळी, मदत हवी आहे. मार्गशीर्षात कोल्हापूरला मावसभावाचं लग्न आहे. इन्स्टाग्रामवर एका ओळखीच्यांच्या ओळखीतल्या मुलीच्या साखरपुड्याचे तीन फोटो पाहिले आणि तिची साडी डोक्यातून जात नाहीये. फोटो इथे टाकत नाही. ती माझी मैत्रीण नाही, तिला न विचारता तिचा चेहरा चारचौघांत लावणं मला बरं वाटत नाही. त्यामुळे वर्णनच करते.

साडीचा रंग वाईनसारखा. काठ सोनेरी, त्यावर एकामागे एक छोटे हिरवे पक्षी. पदरही सोनेरी, त्यात गोलांमध्ये मोर. अंगभर बारीक बुट्ट्या. गळ्यात गळ्यालगत बसणारा मोत्यांचा दागिना, बहुतेक ठुशी. साडीला साडेचार हजार आणि दागिन्याला हजाराच्या आत एवढंच जमेल. गुगल लेन्सवर फोटो टाकला तर नुसत्या जांभळ्या कांजीवरम येतात. पैठणी आहे हे मला कळतंय, पण नेमकी कुठली, आणि तशीच स्वस्तातली कुठे बघायची?

मीनल_दादर
सरळ तिलाच विचार ना! बायकांना सांगायला आवडतं गं.

सायली_बंगळूर
मेसेज केलाय मीनल. मी तिला फॉलो करत नाही, त्यामुळे तो रिक्वेस्टमध्ये पडून असणार. तोवर हातावर हात ठेवून बसवत नाही.

रोहित_पिंपरी
लेन्सला पूर्ण फोटो देऊ नका. पूर्ण फोटोत त्याला बाई, स्टेज, फुलं, जांभळा रंग असं सगळं दिसतं आणि शेवटी तो रंग पकडून बसतो. स्क्रीनशॉट घ्या आणि त्याचे दोन तुकडे कापा: एक फक्त काठाचा, एक फक्त पदरावरच्या एका मोराचा. दोन्ही वेगवेगळे शोधा. काठाचा तुकडा कापताना साडी जिथे सपाट आहे तो भाग घ्या, म्हणजे खांद्यावरून पदर खाली येतो तिथला. निऱ्यांतला काठ मोडलेला असतो, त्यात नक्षी तुटते.

आणि इन्स्टावरचा फोटो आधीच आकसलेला असतो. रुंदी बहुधा १०८० पिक्सेलच्या वर नसते. खूप झूम करून कापलं तर हाती नुसते ठिपके येतात.

काठपदर
सायली, मी पुण्यात लक्ष्मी रोडला साड्यांच्या दुकानात काम करते. गिऱ्हाईक रोज मोबाइल पुढे करून "अशीच दाखवा" म्हणतं, त्यामुळे या प्रश्नाची सवय आहे. रोहितने सांगितलेलं करच, पण त्याआधी साडीची नावं लाव. नाव कळलं की दुकानदाराला फोटो न दाखवताही साडी निघते.

एकामागे एक हिरवे पक्षी, चोच लाल असेल तर तो मुनिया काठ. गोलात बसलेला मोर म्हणजे बांगडी मोर. आता मला चार गोष्टी सांग. पक्ष्यांच्या चोची लाल आहेत का? काठ किती रुंद आहे? तिने हात साडीजवळ ठेवला असेल तर बोटांनी मोज, काठ दोन बोटं की चार? बुट्ट्या कसल्या, नाणं, कोयरी की फूल? आणि पदराची उलटी बाजू कुठल्या फोटोत दिसते का? ही शेवटची गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आहे.

बेळगावकर
पदर वेगळा नि अंग वेगळं म्हणजे इरकल असणार हो. आमच्याकडे घरोघर आहे. इरकल घ्या, बजेटात मस्त बसेल.

काठपदर
बेळगावकर, इरकलीच्या पदरावर लाल जमिनीत पांढरी नक्षी असते, करवतीच्या दात्यांसारखी, आणि पदर अंगाला टोपे-टेणी या पद्धतीने जोडलेला असतो. मोर आणि सोनेरी जमीन इरकलीत बसत नाही. साडी छानच आहे, पण सायलीची ती नव्हे.

बेळगावकर
बरोबर आहे, मी मोर वाचलाच नाही. 🙏

सुलभा_काकू
बाळा, एक सांगून ठेवते. खरी पैठणी ओळखायची तर पदर उलटा कर. मागे धागे दिसले की नकली, मागे स्वच्छ असेल तर खरी. माझ्या लग्नातल्या पैठणीला मागूनही तसाच मोर आहे. माझ्या सुनेने मात्र एका ऑनलाइन दुकानातून "शुद्ध रेशमी" म्हणून मागवली, मागे नुसतं जाळं, बांगडी अडकून धागे उपसले. त्यामुळे घाई करू नकोस.

येवल्याचा_माग
राम राम. आमच्या घरात माग आहे, वडील अजून बसतात, मी विक्री बघतो. काकूंचं म्हणणं पदराच्या बाबतीत बरोबर आहे. हातमागावर पदराचा मोर विणताना प्रत्येक रंगाची वेगळी छोटी कांडी असते. ती त्या मोरापुरतीच फिरते नि शेजारच्या रंगात अडकून मागे वळते. म्हणून धागा मागे लोंबत नाही, दोन्ही बाजू सारख्या दिसतात.

पण "मागे धागे म्हणजे नकली" हे सगळीकडे लावू नका. ब्रोकेड काठ हातमागावरही जॅकार्डने काढतात, त्या काठाच्या मागे धागे असतातच, आणि साडी अस्सल हातमागाची असते. उलट, यंत्रावरच्या साडीचे मागचे धागे कापून टाकतात, मग मागे स्वच्छ दिसतं, पण नीट पाहिलं तर नक्षीच्या कडेला बारीक कुसं उभी असतात. म्हणून पदराचीच मागची बाजू बघायची, काठाची नाही.

सायली_बंगळूर
किती छान सांगितलंत दादा. मी तिन्ही फोटो परत नीट पाहिले.

चोची लाल आहेत. काठ तिच्या चार बोटांएवढा, कदाचित थोडा जास्त. बुट्टी गोल, नाण्यासारखी. तिसऱ्या फोटोत पदर हातावर घेतलाय आणि तो उलटलाय! तिथे मोरांच्या मागे आडव्या रंगीत रेषा दिसतात, हिरव्या आणि लाल. म्हणजे नकली का?

रोहित_पिंपरी
थांबा. बारीक विणीवर कॅमेरा आणि इन्स्टा मिळून खोट्या रेषा तयार करतात. झूम केलं की जाळी दिसते. त्यावरून काही ठरवू नका.

काठपदर
रोहितचं खरं आहे, असं होतं. पण तपासता येतं. सायली, त्या रेषा फक्त मोरांच्या पट्ट्यात आहेत की त्याच फोटोत तिच्या ब्लाउजवर, मागच्या पडद्यावरही तशाच रेषा आहेत? फोटोचा दोष असेल तर बारीक विणीच्या बाकीच्या कापडांवरही बहुधा कुठेतरी दिसतो. आणि दुसरं म्हणजे एका मोरापासून दुसऱ्या मोरापर्यंत रेषा सलग जातात की मोर संपला की थांबतात?

सायली_बंगळूर
ब्लाउजवर नाहीत. पडदा साधा आहे, त्यावरही नाहीत. रेषा मोरांच्या ओळीतच आहेत आणि दोन मोरांमधल्या सोनेरी जागेतूनही जातात.

येवल्याचा_माग
मग बहुतेक सेमी पैठणी. यंत्राच्या साडीत हिरवा धागा या काठापासून त्या काठापर्यंत जातो, मोर असेल तिथे वर येतो, नसेल तिथे मागे राहतो. तेच तुम्हाला दिसतंय. समोरूनही एक फरक कळतो. हातविणीत मोर सोनेरी जमिनीत बसलेला असतो, कारण तिथे सोनेरी धागा नसतोच. सेमीमध्ये मोर जमिनीवर ठेवल्यासारखा थोडा वर आलेला दिसतो. आणि हाताने विणलेले दोन मोर शेजारी ठेवून पाहा, चोच किंवा पिसारा एखाद्या धाग्याने तरी वेगळा निघतो.

रोहित_पिंपरी
मला अजून पटत नाही. एका आकसलेल्या फोटोवरून हातमाग की यंत्र हे सांगणं म्हणजे जरा जास्तच.

येवल्याचा_माग
हातात घेतल्याशिवाय खात्रीने सांगता येणार नाही हे मान्य. म्हणून "बहुतेक" म्हटलं.

काठपदर
सायलीसाठी हा वाद तितका महत्त्वाचा नाही. ती सेमी असेल तर ही आनंदाची बातमी आहे! म्हणजे तुला "स्वस्तातली नक्कल" शोधायचीच नाहीये, तीच साडी किंवा तिची बहीण तुझ्या बजेटात आहे. आमच्या दुकानात मुनिया काठाची सेमी दोन हजारांपासून साडेचारपर्यंत येते. फरक धाग्याचा, जरीचा आणि पदराच्या लांबीचा. हातमागाची रेशमी घ्यायची तर साधी नारळी काठाचीसुद्धा दहा-बारा हजारांच्या पुढे सुरू होते, आणि मुनिया काठ, भरलेला पदर म्हटलं की किती वर जाईल त्याला मर्यादा नाही.

तिच्या फोटोत पदर खांद्यावरून पुढे कुठवर सोनेरी आहे ते बघ. पदराचा भरलेला भाग १८ इंचांचा असतो, २८ इंचांचाही असतो. दोन फोटो सारखे दिसतात आणि घरी आलेली साडी "कमी" वाटते, त्याचं कारण बऱ्याचदा हेच. मोरांच्या ओळी किती आहेत ते मोज, दुकानात तेवढ्या ओळी सांग.

सायली_बंगळूर
ओळी तीन दिसतात, चौथी अर्धी खांद्यामागे.

गिरीश_ज
मला पण असंच हवंय. मुलाच्या मुंजीसाठी एका नटाने घातलेला शेरवानी मिळेल का दोन हजारात? रंग फिकट पिस्ता.

काठपदर
गिरीशदादा, शेरवानीचं दुकान वेगळं, कापड वेगळं. तुम्ही नवा धागा काढा. कॉलर, बटणं आणि लांबी या तीन गोष्टी लिहा, कोणीतरी नक्की सांगेल. मुंजीच्या मुलाला सोवळं-उपरणं लागतंच, त्यामुळे शेरवानी संध्याकाळसाठी असेल तर भाड्यानेही बघा, मूल वर्षभरात वाढतं.

अपर्णा_न्यूजर्सी
रंगाबद्दल कोणी बोललंच नाही! सायली, "वाईन" म्हणजे नक्की काय? मी गेल्या वर्षी फोटो बघून वाईन मागवली आणि हातात चक्क जांभळी आली. परत पाठवायला इथून जेवढा खर्च आला असता तेवढ्यात दुसरी साडी आली असती.

काठपदर
अपर्णा, बरं झालं आठवण केलीस. कार्यालयातले दिवे पिवळे असतात. त्या उजेडात जांभळा तांबूस होतो आणि वाईन वाटतो. सायली, तिने गजरा माळलाय का? असेल तर गजऱ्याचा रंग बघ. मोगरा पांढराच असतो, त्यामुळे फोटोत तो पिवळट दिसला तर सगळा फोटो पिवळा आहे. मोबाइलमधल्या फोटो एडिटमध्ये उबदारपणाची पट्टी असते, गजरा पांढरा होईपर्यंत ती निळीकडे सरकव. मग साडीचा जो रंग उरेल तो खऱ्याच्या जवळचा. गजरा नसेल तर अक्षता किंवा पांढरा सदरा चालेल.

सायली_बंगळूर
केलं! वाईन नाहीच. वांगी रंग निघाला, अगदी कोवळ्या वांग्याचा. पण निऱ्यांच्या कडा अजून गुलाबी चमकतात. गजरा आता पांढरा आहे तरी.

येवल्याचा_माग
मग धूपछाँव आहे. उभा धागा एका रंगाचा नि आडवा दुसऱ्या रंगाचा, उदाहरणार्थ उभा निळा, आडवा राणी. सपाट जागी दोन्ही मिसळून वांगी दिसतो, घडीच्या वळणावर एकच रंग पुढे येतो. दुकानात हा शब्द आवर्जून सांगा. नुसतं "वांगी" म्हटलं तर एकरंगी वांगी काढून देतील आणि साडी तुमच्या फोटोसारखी चमकणार नाही. सेमीतही धूपछाँव मिळते.

रोहित_पिंपरी
आता शोधशब्द तयार झाले की. ऑनलाइन विकणारे नावं इंग्रजीत टाकतात, त्यामुळे मराठीत शोधलं तर कमी सापडतं. हे चालवून बघा, तुमच्या रंगासाठी शेवटचा शब्द बदला:

```
semi paithani muniya border bangdi mor pallu dual tone purple
```

आणि एक धोक्याची खूण. लेन्समध्ये एकच फोटो दहा दुकानांत दहा भावांनी दिसला तर तो फोटो त्यातल्या कोणाचाच नसण्याची शक्यता जास्त. फोटोवर क्लिक करून जिथे त्याच साडीचे अजून चार कोनांतले फोटो आहेत ते दुकान आधी बघा.

सुलभा_काकू
माझ्या सुनेचं तेच झालं. फोटो एक नि साडी दुसरी.

काठपदर
आणि सातशे-आठशेची "मुनिया पैठणी" दिसली की सावध. ती बहुतेक छापील असते. विणलेल्या जरीचा चमकदारपणा घडीप्रमाणे बदलतो, वळणावर उजळतो, आत काळवंडतो. छापलेलं सोनं सगळीकडे एकसारखं मोहरीच्या रंगाचं दिसतं. छापील साडीची मागची बाजू फिकी असते, म्हणून विकणारे उलट बाजू दाखवतच नाहीत. छापील साडी वाईट असं नाही, प्रवासात, ऑफिसात नेसायला हलकी पडते. पण लग्नाच्या दिव्यात ती सपाट दिसेल, आणि तुला हवी आहे ती चमक.

दुकानदाराला ऑर्डर देण्याआधी एवढा मेसेज पाठव: "दिवसाच्या उजेडात, फिल्टर न लावता, छोटा व्हिडिओ पाठवा. आधी पदर सरळ, मग उलटा, मग काठावर तळहात ठेवून." तळहातामुळे काठाचं माप कळतं. जो दुकानदार हे करायला कुरकुर करतो त्याच्याकडून मी तरी साडी घेणार नाही.

अपर्णा_न्यूजर्सी
सिल्क मार्क मागायचा ना? मी तर नेहमी मागते.

येवल्याचा_माग
ताई, सिल्क मार्क रेशीम शुद्ध आहे की नाही हे सांगतो. साडी हातमागावर विणली की यंत्रावर, ते तो सांगत नाही, त्यासाठी हँडलूम मार्क वेगळा. सेमी साडीत बहुधा मिश्र किंवा कृत्रिम धागा असतो, तिला सिल्क मार्क मिळणारच नाही, आणि न मिळणं हा तिचा दोष नाही. दोष तेव्हा, जेव्हा साडेतीन हजाराची साडी "प्युअर सिल्क" म्हणून विकतात. संशय आला तर पदराच्या टोकाचा एखादा सुटा धागा काढून जाळून बघा. रेशीम केस जळल्यासारखा वास देतं नि राख बोटात चुरडते. पॉलिस्टर वितळून कडक गाठ होतं. जरीचा धागा नको, कापडाचा धागा घ्या.

पैठणीला २०१० पासून भौगोलिक मानांकन आहे, तरी सेमीवर "येवला पैठणी" लिहून विकणारे आहेतच. आमचं म्हणणं एवढंच, सेमी सेमी म्हणून विका.

मीनल_दादर
दादा, मग तुम्ही लोक चिडत नाही का, आम्ही सेमी घेतो म्हणून?

येवल्याचा_माग
माग चालवणाऱ्याला त्रास होतो, खोटं कशाला बोलू. वडिलांना भरलेल्या पदराच्या एका साडीला काही महिने जातात. पण सायलीताईंचं बजेट साडेचार हजार आहे, त्यात आमची साडी बसत नाही. त्यांनी डोळे उघडे ठेवून सेमी घेतली तर आमचं काही जात नाही. जातं ते हातमागाच्या भावात सेमी गळ्यात मारली की. पुढच्या वेळी गिऱ्हाईक आमच्याकडेही संशयाने बघतं.

सुलभा_काकू
मला वाटतं तेवढेच पैसे साठवून दोन वर्षांनी खरी घ्यावी. माझी पैठणी लेकीने नेसली, आता नातही नेसेल. सेमीची जरी काळी पडते बाळा.

काठपदर
काकू, तुमचं मन कळतं, पण लग्न मार्गशीर्षात आहे. आणि सेमीची जरीही नीट ठेवली तर टिकते. नेसून झाली की वाऱ्यावर टाकायची, अत्तर थेट जरीवर मारायचं नाही, सुती कापडात गुंडाळायची, प्लास्टिकच्या पिशवीत नाही. घडी अधूनमधून बदलायची, नाहीतर घडीवर जरी तुटते.

सुलभा_काकू
तरी माझं मत बदललेलं नाही. ☺️

सायली_बंगळूर
काकू, खरी घेईनच कधीतरी, आणि तेव्हा येवल्याच्या दादांकडूनच. आता दागिन्याचं सांगा ना कोणीतरी. तुळशीबागेत जायला बहिणीला सांगितलंय, ती "ठुशी" मागणार आहे.

काठपदर
ठुशी मागू नकोस! ठुशी सोन्याच्या मण्यांची असते, बारीक मणी एकमेकांना घट्ट चिकटवून गुंफलेले. तू मोती म्हणतेस. मोत्यांच्या ओळी चौकोनी तुकड्यांत बांधलेल्या आहेत का?

सायली_बंगळूर
हो! छोटे छोटे चौकोन, प्रत्येकात मोत्यांच्या रांगा, मध्ये एक लाल खडा.

मीनल_दादर
तन्मणी असेल मग.

सुलभा_काकू
नाही गं मीनल. तन्मणीत मोत्यांचे सर असतात आणि मधोमध खोड लोंबतं. चौकोनी पेट्या गळ्याला चिकटलेल्या म्हणजे चिंचपेटी. माझ्या आईची होती.

काठपदर
काकूंनी बरोबर ओळखलं. बहिणीला सांग, चिंचपेटी, मध्ये लाल खडा असलेली. घेताना दोन गोष्टी बघायला सांग. मोत्याच्या भोकाजवळ नखाने हलकं घासायचं. प्लास्टिकच्या मोत्यावरचा मुलामा तिथेच आधी सुटतो. काचेचा मोती हाताला गार आणि जड लागतो, तो बरा. आणि पेट्या किती आहेत ते मोजायचं. चिंचपेटी ताणली जात नाही. पेट्या कमी असतील तर त्या गळ्याच्या पुढच्याच भागात संपतात, मागे नुसती गोंड्याची दोरी दिसते आणि अंबाडा घातलास तर ते उघडं पडतं. बहिणीचा गळा तुझ्यापेक्षा बारीक असेल तर तिच्या गळ्यात घालून बघू नका, तुझं माप दोऱ्याने घेऊन पाठव. भाव मात्र मोत्यांच्या चमकीवर सांगतात, तिथे थोडी घासाघीस करायला हवी.

रोहित_पिंपरी
दागिन्याला पण लेन्स लावा, पण गळ्याचा तुकडा कापताना पदराचा काठ त्यात येऊ देऊ नका. आला की परत साड्याच दाखवेल.

सायली_बंगळूर
अपडेट! एका दुकानदाराने व्हिडिओ पाठवला. वांगी, राणी झाक, मुनिया काठ, त्याच्या तळहातावर काठ चार बोटांच्या थोडा वर. मोरांच्या तीन ओळी. मागे आडव्या हिरव्या-लाल रेषा, अगदी फोटोतल्यासारख्या. भाव ३,८०० सांगतोय, "सेमी सिल्क" असं स्वतःहून म्हणाला. बुट्टी मात्र नाण्याची नाही, कोयरीची आहे. घेऊ का?

काठपदर
स्वतःहून सेमी म्हणाला हे मला आवडलं. बुट्टीचा फरक लांबून कळणार नाही, काठ आणि पदर कळतो. पण घाई नसेल तर त्यालाच विचार, नाण्याच्या बुट्टीची येणार आहे का. मागणी असली की वेगवेगळ्या बुट्टीत येतात त्या. ब्लाउजपीस जोडूनच येतंय की वेगळं, तेही विचार. काही साड्यांत ब्लाउजपीसला काठ एका बाजूलाच असतो आणि बाह्यांना पुरत नाही.

सुलभा_काकू
कोयरी जास्त छान दिसते. तीच घे.

येवल्याचा_माग
नाणं बुट्टी लग्नसराईत लवकर संपते. आठवडाभर थांबता येत असेल तर थांबा, नाहीतर कोयरी.

सायली_बंगळूर
त्याला विचारलंय, उद्या दुपारी कळवतो म्हणाला. ब्लाउजपीसला दोन्ही बाजूंनी काठ आहे. आणि हो, त्या मुलीचाही रिप्लाय आला! साडी तिच्या मामीने दिली, कुठून घेतली तिलाच माहीत नाही. फक्त एवढं म्हणाली की मामीने "येवला" सांगितलं होतं.

रोहित_पिंपरी
म्हणजे हातमागाची असू शकते! मी म्हटलं होतं.

येवल्याचा_माग
येवल्यात सेमीची दुकानंही भरपूर आहेत भाऊ. 🙂 ताईंना जमलं तर मामींना विचारायला सांगा की पदराच्या मागे हात फिरवल्यावर धागे बोटाला लागतात का.